एआयने काढलेली पार्श्वभूमी छपाईच्या मापापर्यंत नेताना: पोत पुसू न देता आणि नवे काही घुसू न देता

एआयच्या साधनातून निघालेले चित्र पडद्यावर कितीही भरीव दिसले, तरी त्याची एक बाजू अनेकदा हजार-बाराशे पिक्सेलचीच असते. ते जसेच्या तसे मोठ्या पोस्टरवर ताणले की फाटते, हे डीटीपीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून ते एखाद्या अपस्केलरमधून चौपट करून आणले जाते आणि तिथून दोन वेगवेगळे दोष सुरू होतात. पहिल्या दोषात पाने, माती, भिंत, कापड यांचा पोत पुसला जाऊन सगळे मेणासारखे गुळगुळीत होते. दुसऱ्यात मूळ चित्रात नसलेल्या गोष्टी उगवतात. पहिला दोष टाळायला साधनाचा जोर वाढवला की दुसरा येतो, आणि जोर कमी केला की पहिला परत येतो, त्यामुळे एकाच फटक्यात एकाच साधनाकडून हे काम नीट होत नाही.

या लेखातली पद्धत एका साध्या विभागणीवर उभी आहे. चित्रात कोणता तपशील असावा हा निर्णय मधल्या, म्हणजे साधारण दुपटीच्या, मापावर घ्यायचा आणि तिथेच तो डोळ्यांनी तपासून पक्का करायचा. त्यापुढची वाढ मात्र अशी करायची की तिने नवा तपशील आणू नये. छपाईला जो बारीक खरखरीतपणा लागतो, तो शेवटी ग्रेनमधून द्यायचा.

उदाहरण म्हणून नागपुरातल्या संत्रा उत्पादकांच्या प्रदर्शनासाठीचे १८ × २४ इंची उभे पोस्टर घेतो. पुढे संत्र्यांच्या पेटीचे कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र आहे, वर मजकूर आहे, आणि मागे काटोलकडच्या बागेसारखी दिसणारी, एआयने काढलेली संत्र्याची बाग आहे: वर निरभ्र आकाश, मध्ये झाडांची रांग, खाली भेगाळलेली काळी माती. मूळ फाइल ८९६ × ११५२ पिक्सेलची आहे, जे एसडीएक्सएल या मॉडेलचे उभ्या चित्रासाठीचे एक नेहमीचे माप आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण आकाश, पाने आणि माती हे तीनही भाग अपस्केलरसमोर वेगवेगळ्या रीतीने बिघडतात, आणि पोस्टर पाहणारे लोक बाग रोज पाहणारे असल्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

आधी माप ठरवा

बहुतेक जण विचार न करता ३०० पीपीआय धरतात आणि त्यामुळे चित्र गरजेपेक्षा जास्त ताणतात. प्रत्येक जादा पटीबरोबर साधनाला अधिक अंदाज बांधावा लागतो, म्हणून लागते तेवढेच वाढवणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

ऑफसेटसाठी हिशोब स्क्रीनवरून होतो. आपली प्रेस १५० एलपीआयची स्क्रीन वापरत असेल, तर चित्राचे पीपीआय त्याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे २२५ ते ३००, असावे लागते. वरची मर्यादा बारीक रेषा असलेल्या छायाचित्रांसाठी कामी येते. पाने, माती आणि आकाश असलेल्या पार्श्वभूमीला दीडपट पुरते. मजकूर आणि लोगो व्हेक्टर असल्यामुळे त्यांना हा हिशोब लागूच होत नाही. दुसरा हिशोब डोळ्यांचा आहे. साधारण नजरेचा माणूस अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखू शकतो असे धरले, तर पाहण्याच्या अंतराला पुरेसे पीपीआय असे निघते:

```
ppi = 3438 / अंतर (इंच)
```

हातात धरून, म्हणजे १२ इंचांवरून, पाहिले जाणारे पत्रक २८६ मागते. तीन फुटांवरून वाचले जाणारे पोस्टर ९५ वरही चालते. पोस्टर लोक जवळ जाऊनही पाहतात, म्हणून आपण स्क्रीनचा खालचा आकडा, २२५, धरू. चारही बाजूंना १/८ इंच ब्लीड धरल्यावर माप १८.२५ × २४.२५ इंच होते, म्हणजे सुमारे ४१०७ × ५४५७ पिक्सेल. उंचीच्या हिशोबाने ही ४.७४ पट वाढ झाली. तीच ३०० पीपीआयने धरली असती तर ६.३ पट झाली असती.

मूळ फाइल खरोखर मूळ आहे का ते पाहा

निम्म्या वेळा दोष अपस्केलरचा नसतोच. चित्र व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेले असते, त्यामुळे ते लहानही झालेले असते आणि जेपीईजीत दाबलेलेही असते. त्या दाबण्यात ८ × ८ पिक्सेलचे चौकोन तयार होतात, कडांभोवती पुसट लाटा येतात, आणि अपस्केलर त्या चौकोनांना आणि लाटांनाच तपशील समजून ठळक करतो. म्हणून पाठवणाऱ्याकडून मूळ पीएनजी डॉक्युमेंट म्हणून मागवावी. ती मिळाल्यावर २०० टक्क्यांवर उघडून वरपासून खालपर्यंत पाहावी. दोन फांद्या हवेतच जुळल्या असतील, एखादे संत्रे देठाशिवाय लटकत असेल, मातीत काही निरर्थक आकार असतील, तर ते याच मापावर रंगवून किंवा तेवढाच भाग पुन्हा तयार करून दुरुस्त करावेत. इथे हाताच्या बोटाएवढी असलेली चूक पुढे तळहाताएवढी होते, आणि तेव्हा तिच्याभोवतीचा पोतही तिच्याशी जुळवलेला असतो, त्यामुळे ती काढणे फार अवघड जाते.

एसडीएक्सएल आणि त्याच्या कुळातली मॉडेले चित्र थेट पिक्सेलमध्ये घडवत नाहीत, हेही इथे समजून घ्यायला हवे. ती ते एका आक्रसलेल्या रूपात घडवतात, ज्यात ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनासाठी फक्त चार संख्या असतात, आणि शेवटी डिकोडर त्या चार संख्यांवरून चौसष्ट पिक्सेल भरतो. म्हणजे मूळ फाइलमधल्या सर्वांत बारीक खुणा, जसे पानावरच्या शिरा किंवा मातीचे कण, याही पाहून काढलेल्या नसून त्या भरलेल्याच असतात. कॅमेऱ्याच्या छायाचित्रात बारीक खूण ही खऱ्या वस्तूची असते, म्हणून ती जपण्याला अर्थ असतो. इथे जपायचा तो आकार, प्रकाश आणि पोताची जात, प्रत्येक पिक्सेल नव्हे. यामुळेच मधल्या टप्प्यावर थोडा नवा पोत भरू देणे योग्य ठरते, मात्र आकार बदलता कामा नयेत.

मधला टप्पा: दुपटीवर तपशील पक्का करणे

आता चित्र ८९६ × ११५२ वरून १७९२ × २३०४ वर न्यायचे. आधी ते लँक्झोस पद्धतीने साधे मोठे करावे आणि मग तुकड्या-तुकड्यांनी डिफ्यूजनमधून, म्हणजे चित्र घडवणाऱ्या मॉडेलमधूनच, फिरवावे. कम्फीयूआय किंवा ऑटोमॅटिक११११ वापरत असाल तर त्यासाठी Ultimate SD Upscale हे जोडसाधन आहे, आणि त्याच्याबरोबर ControlNet Tile लावल्यास प्रत्येक तुकडा मूळ आकारांना धरून राहतो. तुकडा १०२४ पिक्सेलचा ठेवावा, कारण मॉडेल त्याच मापावर शिकलेले आहे.

इथे सगळा खेळ दोन गोष्टींचा आहे: denoise चा आकडा आणि प्रॉम्प्ट.

denoise म्हणजे मूळ चित्र किती पुसून पुन्हा काढायचे याचे प्रमाण. ते ०.२० पासून सुरू करावे, सीड तोच ठेवावा, आणि ०.०५ च्या पायरीने वर जावे. आपल्या बागेच्या चित्रात ०.२० वर पाने अजून धूसर राहतात. ०.३० वर पानांच्या कडा वेगळ्या होतात, भेगांच्या काठांना खोली येते, आणि आकार मात्र जिथल्या तिथे राहतात. ०.४५ वर गेले की चित्र एकदम सुंदर वाटू लागते आणि धोका नेमका तिथेच असतो. झाडाच्या डाव्या वरच्या भागात पानांच्या फटींतून आकाशाचे जे पांढुरके ठिपके दिसत होते, त्यांची पाच पाकळ्यांची फुले होतात. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येतात आणि त्या बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत धरतात. पिकल्या फळांनी लगडलेल्या झाडावर भरघोस फुलोरा पाहून बागायतदाराला तो खोटेपणा तत्काळ कळेल. मातीतही तसेच होते: ढेकळांचे कोपरे गोल होऊन ती नदीतल्या गोट्यांसारखी चकचकीत होतात. डिझायनरच्या डोळ्याला दोन्ही बदल 'अधिक स्पष्ट' वाटतात, म्हणून केवळ आवडले या कसोटीवर आकडा ठरवू नये.

प्रॉम्प्टची अडचण वेगळी आहे. चित्र प्रथम तयार करताना दिलेला प्रॉम्प्ट, समजा `orange orchard, ripe oranges, blue sky`, तसाच ठेवला तर तो प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे लागू होतो. ज्या तुकड्यात फक्त माती आहे, त्यालाही संत्री दाखवा असा आदेश मिळतो, आणि मग मातीच्या सावलीत नारिंगी गोळे डोकावू लागतात. या टप्प्यावर वस्तूंची नावे काढून फक्त पोताचे वर्णन ठेवावे, जसे `photo, natural leaf texture, dry soil, soft daylight`. आकाश तर या फेरीतून पूर्णपणे वगळावे. रिकाम्या तुकड्यात धरून राहण्याजोगे काहीच नसल्यामुळे मॉडेल तिथे पक्षी, तारा, ढगांचे कापूस असे काहीही रचू शकते. आकाशाचा मास्क करून तिथे लँक्झोसने वाढवलेलेच चित्र ठेवावे.

मास्कचा दुसरा उपयोग खोलीसाठी आहे. मागच्या रांगेतली झाडे मूळ चित्रात मुद्दाम धूसर आहेत, कारण कॅमेऱ्यात दूरचे तसे दिसते. डिफ्यूजन त्यांनाही पुढच्या झाडाइतकेच धारदार करू पाहते, आणि मग बाग सपाट पडद्यावर चिकटवल्यासारखी दिसते. म्हणून मास्क तीन पट्ट्यांत करावा: पुढची माती आणि पाने पूर्ण, मधली रांग सुमारे निम्मी, आणि मागची रांग व आकाश शून्य. पट्ट्यांच्या कडा चाळीस-पन्नास पिक्सेलपर्यंत विरलेल्या असाव्यात.

परत लहान करून फरक काढणे

मधली फाइल तयार झाली की ती पुढे नेण्याआधी एक तपासणी करावी. तिच्यामागचा विचार असा: वाढवलेले चित्र मूळ मापावर परत आणले तर ते मूळ चित्रासारखेच दिसायला हवे. जिथे तसे दिसत नाही, तिथे साधनाने काही तरी बदलले आहे. इमेजमॅजिक असेल तर दोन ओळींत काम होते:

```
magick mid.png -filter Box -resize 896x1152! back.png
magick original.png back.png -compose difference -composite -evaluate multiply 8 diff.png
```

पहिली ओळ चित्र मूळ मापावर आणते, दुसरी दोघांतला फरक काढून तो आठपट उजळ करते. फरक आपोआप ताणणारा पर्याय इथे वापरू नये, कारण त्यात फरक अगदी नगण्य असला तरी काहीतरी झळकतेच, आणि दोन प्रयत्नांची तुलना करता येत नाही. ठरावीक आठपट ठेवली की ०.३० चा आणि ०.४५ चा निकाल शेजारी ठेवून पाहता येतो. हेच काम फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये दोन लेअर एकावर एक ठेवून वरच्याला Difference मोड देऊनही होते.

काळ्या चित्रावर जे उजळ दिसते, ते वाचायला शिकावे लागते. सगळीकडे कडांच्या बारीक रेषा दिसत असतील तर तो धारेतला फरक आहे, किंवा चित्र अर्धा पिक्सेल सरकले आहे, ते चालते. मोठे चौकोनी डाग दिसत असतील तर तुकड्यांचे रंग एकमेकांशी जुळलेले नाहीत. तुकड्यांमधले आच्छादन वाढवावे, किंवा मूळ चित्राचा रंग वेगळ्या लेअरमधून Color मोडने परत बसवावा. मात्र एकट्यादुकट्या जागी, कशाशी संबंध नसलेला उजळ ठिपका असेल, तर तिथे काहीतरी उगवले आहे. बागेच्या ०.४५ च्या फरकचित्रात फुलांच्या जागा अशाच लुकलुकताना दिसतात, आणि ०.३० मध्ये त्या जागा जवळजवळ काळ्या राहतात.

या तपासणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. जो खोटा तपशील इतका बारीक आहे की लहान करताना त्याची सरासरी मूळ रंगाइतकीच भरते, तो फरकचित्रात दिसत नाही. पानांवर उमटलेली कापडासारखी विणकाम-नक्षी, किंवा मातीवर ठरावीक अंतराने येणारा तोच तो खडबडीत नमुना, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. त्यासाठी १०० टक्क्यांवर डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. पूर्ण चित्र घाईने फिरवण्यापेक्षा पुढच्या झाडाचा एक, मातीचा एक आणि झाड-आकाशाच्या सीमेचा एक, असे तीन हातभर भाग निवडून ते मूळ चित्राच्या त्याच भागाशेजारी ठेवावेत. एखादी खूण दिसली की स्वतःला विचारावे: ही मूळ चित्रात कुठून आली? उत्तर सापडले नाही तर त्या जागी मास्कने लँक्झोसचे चित्र परत आणावे. अशा दहा-बारा जागा हाताने दुरुस्त करणे हे पुन्हा सगळे चालवण्यापेक्षा लवकर होते.

इथे ग्राहकालाही दाखवून घ्यावे. ही फाइल म्हणजे चित्रातल्या तपशिलाचा अंतिम मसुदा असतो, आणि यापुढे 'तिथे थोडी फळे वाढवा' अशी सूचना येऊन चालत नाही.

शेवटची वाढ: नवे न आणता

१७९२ × २३०४ वरून आपल्याला ५४५७ उंची हवी आहे, म्हणजे २.३७ पट. या टप्प्यावर डिफ्यूजन वापरू नये. Real-ESRGAN जातीचे मॉडेल वापरावे, चौपट करावे आणि मग खाली आणावे, कारण खाली आणताना मॉडेलने उमटवलेल्या सर्वांत बारीक खुणा सरासरीत विरतात.

```
realesrgan-ncnn-vulkan -i mid.png -o gan4x.png -n realesrgan-x4plus -s 4
magick gan4x.png -filter Lanczos -resize x5460 gan.png
magick mid.png -filter Lanczos -resize x5460 lan.png
```

दोन्ही फाइली ४२४७ × ५४६० च्या होतात आणि रुंदीतली जादा पट्टी नंतर कापली जाते. ज्यांना कमांड नको, त्यांनी अपस्केल या मोफत प्रोग्राममधून पहिली पायरी करावी. तो Upscayl या नावाने मिळतो आणि त्याच कुळातली मॉडेले चालवतो.

आता दोन फाइली का, ते पाहू. Real-ESRGAN २०२१ मध्ये आले ते खराब चित्रे सुधारण्यासाठी. त्याला शिकवताना चांगल्या चित्रांवर मुद्दाम धूसरपणा, नॉइज आणि जेपीईजीचे दोष चढवले गेले आणि ते काढून टाकायला शिकवले गेले. परिणामी पानावरची बारीक खरखर किंवा मातीचे कण हेही त्याला दोषच वाटतात आणि ते त्यांना पुसते. आपल्या चित्रात हे फार स्पष्ट दिसते: पानाची मधली शीर धारदार राहते, पण शिरेच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या कागदासारखा सपाट होतो. पोत पुसल्याची ओळख हीच आहे: कडा धारदार आणि कडांच्या मधे काहीच नाही. लँक्झोसच्या फाइलमध्ये नेमके उलट असते, कडा मऊ पण मधला पोत शाबूत. म्हणून दोन्ही एकत्र करायच्या.

फोटोशॉपमध्ये खाली `lan.png` आणि वर `gan.png` ठेवावी. वरच्या लेअरची ओपॅसिटी सुरुवातीला ५० टक्के ठेवावी आणि मग भागानुसार मास्क करावा. पुढच्या पानांना साठ टक्क्यांपर्यंत चालते, कारण तिथे कडांना महत्त्व आहे. मातीला पस्तीस-चाळीसच्या वर नेऊ नये, कारण तिचे सगळे रूपच पोतात आहे. मागच्या रांगेला वीस आणि आकाशाला शून्य. फळांच्या सालीकडे वेगळे पाहावे. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि बारीक छिद्रांची असते. मॉडेल ती एकतर बिलियर्डच्या चेंडूसारखी गुळगुळीत करते किंवा छिद्रे मोठी करून इडलिंबाच्या सालीसारखी खडबडीत करते. माझ्या मते फळांवर मॉडेलचा वाटा तीस टक्क्यांच्या आत ठेवणे बरे, आणि फळाच्या बाह्यरेषेपुरता तो वाढवावा.

realesr-general-x4v3 हे मॉडेल पायथॉनमधून चालवत असाल तर त्यात `-dn` हा पर्याय आहे, ज्याने नॉइज काढण्याचा जोर ० ते १ मध्ये ठरवता येतो. पोत जपायचा तर तो ०.२ च्या आसपास ठेवावा. हे हाताशी असेल तर मिसळण्याचे काम हलके होते, संपत मात्र नाही.

मिसळलेले चित्र १७९२ × २३०४ वर परत आणून मधल्या फाइलशी तोच फरक काढावा. इथे जवळजवळ काळे चित्र यायला हवे. एकटा ठिपकाही दिसला तर तो शोधून काढावा, कारण या टप्प्याला काही नवे आणण्याची मुभाच दिलेली नाही.

ग्रेन

इतके केल्यावरही चित्र १०० टक्क्यांवर थोडे मऊ वाटेल, आणि वाटू द्यावे. धार वाढवण्याचा मोह इथे टाळावा. उरलेली उणीव तपशिलाची नसून पृष्ठभागाच्या खरखरीची असते, आणि ती ग्रेनने भरून निघते. शिवाय पुढची पेटी खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली असल्याने तिच्यात सेन्सरचा नैसर्गिक ग्रेन आहे. पार्श्वभूमीत तो नसेल तर पेटी कापून चिकटवल्यासारखी दिसते.

फाइल प्रथम १६ बिटमध्ये न्यावी. नवा लेअर ५० टक्के करड्या रंगाने भरून त्याला Overlay मोड द्यावा, त्यावर Add Noise मधून Gaussian आणि Monochromatic निवडून आठ-दहा टक्के नॉइज द्यावा, आणि मग ०.६ पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा. हा ब्लर महत्त्वाचा आहे. २२५ पीपीआय आणि १५० एलपीआय असताना स्क्रीनचा एक ठिपका सुमारे दीड पिक्सेलचा असतो, त्यामुळे एका पिक्सेलचा ग्रेन छपाईत सरासरी होऊन नाहीसा होतो. दोन पिक्सेलच्या आसपासचा टिकतो. शेवटी लेअरची ओपॅसिटी अशी ठेवावी की १०० टक्क्यांवर ग्रेन जेमतेम जाणवेल आणि पेटीच्या छायाचित्राशी जुळेल. हे सगळे अंतिम मापावरच करावे. आधी ग्रेन देऊन मग चित्र वाढवले तर अपस्केलर त्याच्या अळ्या करतो.

आकाशाला ग्रेनचा आणखी एक फायदा होतो. निळ्यापासून फिक्या निळ्यापर्यंतचा लांब उतार ८ बिटमध्ये पट्ट्या-पट्ट्यांनी तुटतो, आणि मोठ्या मापावर त्या पट्ट्या इंचभर रुंद होतात. १६ बिटमध्ये असतानाच ग्रेन दिला आणि नंतर ८ बिट केले, तर पट्ट्यांच्या सीमा विस्कटून जातात आणि उतार सलग दिसतो. पट्ट्या मूळ फाइलमध्येच असतील तर ग्रेनआधी आकाशाच्या मास्कमध्ये आठ-दहा पिक्सेलचा ब्लर द्यावा. आकाशात जपण्यासारखा पोत नसल्यामुळे त्यात काही बिघडत नाही.

छापण्याआधी

सीएमवायकेमध्ये बदल करताना प्रेसकडून त्यांचे प्रोफाइल मागून घ्यावे. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी रंग शाईच्या आवाक्याबाहेरचा असतो, तो फिका पडणारच. पण फिका पडताना फळांवरच्या उजेड-सावलीतला फरक सपाट झाला तर सालीचा पोत पुन्हा पुसल्यासारखा वाटतो आणि दोष उगाच अपस्केलवर जातो. म्हणून सॉफ्ट प्रूफ लावून फळांतला मॅजेंटा आणि पिवळा थोडा मोकळा करावा.

त्यानंतर पूर्ण पोस्टरचा प्रूफ काढण्याआधी एक पट्टी काढावी. आकाश, पुढचे झाड आणि माती या तिघांना छेदणारा, प्रत्यक्ष मापाचा ८ × ११ इंची उभा तुकडा कापून तो ए४ वर, मापात बदल न करता, डिजिटल प्रेसवर छापावा. सीताबर्डीतल्या कुठल्याही झेरॉक्स-डिजिटलवाल्याकडे हे काही मिनिटांत होते, आणि त्यांना 'फिट टू पेज' बंद ठेवायला आवर्जून सांगावे, नाहीतर सगळी तपासणी चुकीच्या मापावर होते. पट्टी आधी भिंतीला लावून तीन फुटांवरून पाहावी आणि मग हातात घेऊन. तीन फुटांवरून पाने एकजीव गोळा वाटली तर मॉडेलचा वाटा पाच-दहा टक्के वाढवावा. हातात घेतल्यावर कडांना पांढरी किनार दिसली तर तो कमी करावा. आकाश मळकट वाटले तर ग्रेन जास्त झाला आहे. तंत्राशी संबंध नसलेल्या, पण बाग माहीत असलेल्या माणसाला ती पट्टी दाखवून 'यात काही वेगळे दिसते का' एवढेच विचारावे. त्याचा हात ज्या जागेवर जातो ती जागा पुन्हा तपासावी.

अंतिम फाइल टिफमध्ये, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनसह द्यावी आणि लेअर असलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. १७९२ × २३०४ ची मधली फाइलही जपून ठेवावी, कारण अशा कामात पोस्टरच्या मागोमाग फ्लेक्सची मागणी येतेच. व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी लागणारा १० फूट उंचीचा फ्लेक्स लोक साधारण १५ फुटांवरून पाहतात. त्या अंतराला वरच्या सूत्राने १९ पीपीआय पुरते, आणि मधली फाइल १२० इंचांवर पसरली की १९.२ पीपीआयच भरते. म्हणजे फ्लेक्ससाठी कोणत्याही अपस्केलरची गरज नाही: तीच फाइल लँक्झोसने प्रिंटरवाला मागेल त्या मापाची करावी, त्या मापावर नव्याने ग्रेन द्यावा, आणि फ्लेक्सच्या मशिनवर बारीक ग्रेन टिकत नसल्यामुळे तो पोस्टरपेक्षा जाड ठेवावा.